हातात नऊ दिवस असताना घाई कशाची? : घशाच्या एका स्वॅबची गोष्ट

लेकराचा घसा दुखतोय, अंगात ताप आहे, गिळता येत नाही. अशा वेळी तुम्ही काय करता? बहुतेक घरांत काय होतं ते मला ठाऊक आहे. जवळच्या डॉक्टरकडे जायचं, एक इंजेक्शन टोचून घ्यायचं, तीन किंवा पाच गोळ्यांची ती ओळखीची पट्टी आणायची, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवायच्या. लेकरू शाळेत जातं, आई निंदणीला जाते, आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं.

माझं म्हणणं असं की पुष्कळदा काम झालेलं नसतं, उलट बिघडलेलं असतं. त्या पहिल्या दिवशी कुणीतरी दहा सेकंद खर्चून घशातून कापसाची एक काडी फिरवली असती आणि ती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचवली असती, तर त्या लेकराच्या पुढच्या चाळीस वर्षांचा फरक पडू शकला असता. हे वाढवून सांगतोय असं वाटत असेल, तर माझ्याबरोबर त्या काडीचा प्रवास करा. हिंगोली जिल्हा घेऊ. यातली मुलगी मी उदाहरणासाठी रचली आहे. मात्र तिचा आजार, काडी, जंतू आणि दिवसांचा हिशेब यात रचलेलं काही नाही.

पहिला दिवस, दुसरा दिवस

कळमनुरी तालुक्यातलं एक गाव. मुलगी नऊ वर्षांची, वजन २४ किलो. जानेवारी महिना, हळद काढायचे दिवस. सोमवारी दुपारी शाळेतच तिला एकदम थंडी वाजून ताप भरला आणि रात्री थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं. मंगळवारी सकाळी आई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन आली. "डॉक्टर साहेब, लेकराचा घसा धरलाय. काल दुपारपासनं पाणीसुद्धा गिळंना झालीय."

आता डॉक्टरने काय पाहायचं? खोकला आहे का? नाही. नाक वाहतंय का, आवाज बसलाय का, डोळे लाल आहेत का? नाही. जबड्याच्या कोनाखाली पुढच्या बाजूला बोटं दाबली तर गाठी लागतात आणि ती कळवळते. तोंड उघडलं तर दोन्ही टॉन्सिल सुजून लालभडक झालेले आणि त्यांच्यावर पिवळट पांढरे ठिपके.

या एवढ्या गोष्टींना खूप अर्थ आहे. खोकला, वाहतं नाक आणि बसलेला आवाज असेल, तर बहुधा तो विषाणूचा घसा असतो. त्यावर कोणत्याही अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, आणि तिथे स्वॅबही घेऊ नये. पण वय पाच ते पंधरा, अचानक ताप, खोकला नाही, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि टॉन्सिलवर पू अशी जोडणी जमली, की एका जीवाणूवर संशय धरावा लागतो. त्याचं नाव स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेस. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. घसा दुखतो म्हणून येणाऱ्या शाळकरी मुलांत साधारण तीनातल्या एकाच्या घशात तो सापडतो. म्हणजे तीनातल्या दोघांच्या घशात तो नसतो, हेही लक्षात ठेवा.

इथे डॉक्टरसमोर दोन वाटा असतात. आधी चांगल्या वाटेने जाऊ.

काडी कशी फिरवायची

मुलीला उजेडाकडे तोंड करून बसवलं. सिस्टरने डोकं धरलं. जीभ चपट्या काडीने खाली दाबली. मग निर्जंतुक स्वॅब आत नेऊन एका टॉन्सिलवर घासला, तिथून घशाच्या मागच्या भिंतीवर आणला आणि दुसऱ्या टॉन्सिलवर घासला. जिथे पू आहे तिथे काडी गोल फिरवली. बाहेर काढताना ती जिभेला, गालाला, दातांना लागू दिली नाही. मुलीला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. उमासा आला नाही तर बहुधा काडी पुरेशी आत गेलेलीच नसते.

या दहा सेकंदांत जे चुकतं ते पुढे कोणतीही प्रयोगशाळा दुरुस्त करू शकत नाही. लेकरू रडतं, हात झटकतं, म्हणून काडी जिभेवरच टेकवून परत घेतली, तर तिच्यावर लाळेतले निरुपद्रवी जंतू चढतात आणि अहवाल येतो 'घशातले नेहमीचे जंतू'. अहवाल खोटा नसतो. त्याने जिभेबद्दल खरं सांगितलेलं असतं, टॉन्सिलबद्दल त्याला कुणी विचारलेलंच नसतं. काडी नीट फिरवली, तर ताटलीवरच्या तपासणीत हा जंतू शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव वेळा सापडतो.

मग काडी वाहतुकीच्या नळीत गेली. नळीच्या तळाशी जेलीसारखं माध्यम असतं, ते जंतूंना वाढवत नाही आणि सुकूनही देत नाही. एमीज हे त्यातलं नेहमीचं. स्ट्रेप्टोकोकसला पाइक यांचं खास माध्यमही आहे. त्यातली रसायनं बाकीच्या बऱ्याच जंतूंना दाबून ठेवतात आणि याला जगू देतात. आणि सांगायची गोष्ट म्हणजे हा जंतू तसा चिवट आहे. घशातले कितीतरी जंतू कोरड्या काडीवर लवकर मरतात, हा मात्र बराच काळ तग धरतो. त्यामुळे "आमच्याकडे माध्यम नव्हतं म्हणून स्वॅब घेतला नाही" ही सबब मला फारशी पटत नाही.

नळीवर नाव, वय, तारीख आणि वेळ लिहिली. सोबतच्या कागदावर आणखी दोन ओळी: ताप कधीपासून आहे, आणि अँटिबायोटिक सुरू झालंय की नाही. ही दुसरी ओळ रिकामी ठेवायची नाही. का, ते पुढे कळेल.

मुलीला तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी मिळाली, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि आईचा मोबाइल नंबर लिहून घेतला. अँटिबायोटिक दिलं नाही. आईला वाटलं, सरकारी डॉक्टरने टाळलं. तिला नीट सांगायला हवं होतं आणि सांगितलं गेलं: "ताई, कोणतं औषध द्यायचं ते ठरवायला दोन दिवस लागतील. तेवढा वेळ आपल्या हातात आहे. मी फोन करतो, तेव्हा मात्र नक्की या. मधे श्वास घ्यायला त्रास झाला, मान सुजली किंवा लाळसुद्धा गिळता येईना, तर फोनची वाट बघू नका."

ताटलीवर काय दिसतं

नळी त्याच दुपारी हिंगोलीला पोचली. प्रयोगशाळेत काडी एका लालभडक ताटलीवर घासतात. ते असतं ब्लड अगार, म्हणजे जेलीत पाच टक्के मेंढीचं रक्त. तारेच्या कडीने ते चार टप्प्यांत पसरतात, म्हणजे शेवटच्या टप्प्यात एकेक वसाहत सुटी मिळते. त्याच कडीने जेलीत दोन-तीन छेद देतात, कारण हा जंतू रक्त फोडणारं जे एक विष सोडतो ते हवेतल्या ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून पृष्ठभागाखाली त्याचा परिणाम चांगला दिसतो. मग ताटली ३५ ते ३७ अंशांवर ठेवतात, थोडा कार्बन डायऑक्साइड मिळेल अशा बेताने. महागडं यंत्र नसेल तर झाकणाच्या बरणीत मेणबत्ती पेटवून ठेवली तरी भागतं.

बुधवारी, अठरा ते चोवीस तासांनी, ताटली उजेडात धरली. टाचणीच्या टोकाएवढ्या राखाडी वसाहती आणि प्रत्येकीभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ. तिथलं रक्त पूर्ण फुटलेलं. हाच संशयित. पण रक्त फोडणारे दुसरेही काही जंतू असतात, म्हणून पुढे ओळखपरेड होते. वसाहतीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर बुडबुडे येत नाहीत. म्हणजे हा स्टॅफिलोकोकस नाही. बॅसिट्रॅसिनची अगदी कमी ताकदीची चकती ठेवली तर तिच्याभोवती तो वाढत नाही. शेवटी गट तपासतात. रिबेका लान्सफील्ड या शास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली या कुळाचे अ, ब, क असे गट पाडून दिले, आणि माणसाच्या हृदयाला त्रास देणारा तो 'अ' गट. गुरुवारी अहवाल तयार: गट अ, स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेस.

इथेही चूक होऊ शकते. मेंढीचं रक्त मिळत नाही म्हणून रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरायची सवय काही ठिकाणी असते. त्यात रक्तदात्याने घेतलेलं औषध किंवा त्याच्या शरीरातल्या प्रतिपिंडांचा अंश असू शकतो. मग जंतू नीट वाढत नाही, वर्तुळ पुसट दिसतं आणि अहवालात तो निसटतो. दुसरी चूक म्हणजे पहिल्या दिवशी काही दिसलं नाही की ताटली फेकून देणं. ती आणखी एक दिवस ठेवून पुन्हा पाहायची असते.

नऊ दिवस कुठून आले?

गुरुवारी संध्याकाळी आईला फोन गेला. शुक्रवारी सकाळी मुलीला एक इंजेक्शन मिळालं: बेन्झाथिन पेनिसिलिन, सहा लाख युनिट, खोल स्नायूत, एकदाच. वजन २७ किलोच्या वर असतं तर बारा लाख. आजाराचा तो पाचवा दिवस.

तुम्ही म्हणाल, चार दिवस लेकराला औषधाविना ठेवलं, हा कसला उपचार? अमेरिकेत वायोमिंग राज्यात वॉरन नावाचा हवाई दलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या बराकींत स्ट्रेप्टोकोकसचा घसा आणि त्यामागून येणारा ऱ्हुमॅटिक ताप यांनी उच्छाद मांडला होता. चार्ल्स रॅमेलकँप यांच्या पथकाने तिथे घसा दुखणाऱ्या जवानांना पेनिसिलिन देऊन पाहिलं. १९५० साली त्यांनी दाखवलं की पेनिसिलिन मिळालेल्यांत ऱ्हुमॅटिक ताप जवळजवळ येतच नाही. पुढे १९५४ साली याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: घसा दुखायला लागल्यापासून नवव्या दिवशी पेनिसिलिन सुरू केलं, तरीही हृदय वाचतं.

नऊ दिवस. आपल्या मुलीचे फक्त चार गेले होते. म्हणून मी विचारतो, घाई कशाची? पहिल्या तासाला सुई टोचली नाही म्हणून काही बिघडत नाही. दहाव्या दिवसापर्यंत खरा जंतूच कळला नाही, तर मात्र बिघडतं.

तीच मुलगी, दुसरी वाट

आता गोष्ट परत सोमवारवर न्या. तीच मुलगी, तोच घसा. आई तिला रात्रीच गावातल्या सुईवाल्याकडे नेते. तो डेक्सामेथासोनचं इंजेक्शन टोचतो आणि अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या देतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. त्याने सूज आणि दुखणं झपाट्याने कमी होतं, जंतू मरत नाही. मंगळवारी सकाळी मुलगी चहा-बिस्किट खाते. सगळं घर म्हणतं, "त्याच्या हाताला गुण आहे."

गुरुवारी ताप पुन्हा चढतो. आता ती आरोग्य केंद्रात येते आणि आता स्वॅब घेतला जातो. कागदावरची अँटिबायोटिकची ओळ रिकामी राहते. अझिथ्रोमायसिन घशाच्या पेशींत दिवसेंदिवस साठून राहतं. त्याने जंतू ताटलीवर उगवणार नाहीत इतके दबलेले असू शकतात, पण मुळासकट गेलेले असतीलच असं नाही. या औषधाला दाद न देणारे स्ट्रेप्टोकोकस जगभर आढळतात, आपल्या देशातही आढळतात. शनिवारी अहवाल येतो: 'रोगजंतू वाढले नाहीत.' डॉक्टर म्हणतात, स्ट्रेप नाही. आई म्हणते, देव पावला.

पंधरा-वीस दिवसांनी मुलीचा उजवा गुडघा सुजतो. दोन दिवसांनी तो बरा होतो आणि डावा घोटा सुजतो. मग मनगट. "शाळेत पडली असेल." कुणालाही तो घसा आठवत नाही. स्वॅबचा 'काही नाही' असा अहवाल तर उलट पुरावा म्हणून दाखवला जातो. महिन्याभरात ती जिना चढताना थांबायला लागते.

शरीरात काय झालं ते सोप्या शब्दांत असं. या जंतूच्या अंगावर एम नावाचं एक प्रथिन असतं आणि ते आपल्या हृदयाच्या काही प्रथिनांसारखं दिसतं. आपल्या प्रतिकारशक्तीने जंतूविरुद्ध हत्यारं तयार केली आणि ती हत्यारं स्वतःच्याच हृदयावर आणि सांध्यांवर चालली. सांधे काही दिवसांत बरे होतात, खूण राहत नाही. हृदयाची डावीकडची झडप मात्र सुजते, पुन्हा पुन्हा सुजली की जाड होते, चिकटते. सांध्यांना चाटून जाणारा हा आजार हृदयाला डसतो, असं वैद्यकात पिढ्यानपिढ्या शिकवतात.

यानंतर त्या मुलीला तेच बेन्झाथिन पेनिसिलिन लागतं, पण एकदा नाही. दर तीन आठवड्यांनी एक, वर्षानुवर्षं. हृदयाला लागण झाली असेल तर निदान दहा वर्षं, आणि झडप कायमची बिघडली तर त्याहूनही पुढे. वर्षाला सतरा सुया. बुडवलेली प्रत्येक सुई म्हणजे नव्या हल्ल्याला उघडं दार. पुढे लग्न, बाळंतपण. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो आणि आखडलेली झडप तो पेलत नाही. कितीतरी बायकांना आपल्याला हृदयरोग आहे हे तेव्हाच पहिल्यांदा कळतं. मग फुग्याने झडप उघडणं, नाहीतर कृत्रिम झडप आणि जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या.

एक सुई की शेकडो सुया, हा फरक त्या मंगळवारच्या दहा सेकंदांत होता.

माझं भांडण कशाशी आहे

पहिलं भांडण आमच्याच धंद्यातल्या सवयीशी. घसा दुखला की अझिथ्रोमायसिन, हे समीकरण कुणी लिहून दिलं? गट अ स्ट्रेप्टोकोकसवर पेनिसिलिन आजही चालतं. ऐंशी वर्षं वापरून झाली, तरी पेनिसिलिनला न जुमानणारा हा जंतू रुग्णांत सापडलेला नाही. जीवाणूंच्या जगात अशी प्रामाणिक जोडी दुसरी दाखवणं कठीण. आणि आम्ही हे स्वस्त, पक्कं औषध बाजूला ठेवून बेभरवशाची पट्टी देतो. इंजेक्शन नको असेल तर तोंडाने अमॉक्सिसिलिन दहा दिवस देता येतं, पण ते पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी घसा बरा होतो आणि बाटली फडताळात जाते, म्हणूनच एकदाचं इंजेक्शन खेड्यात जास्त भरवशाचं.

"पेनिसिलिनने रिअॅक्शन येते" अशी भीती डॉक्टरांना असते. भीती खोटी नाही. जीवघेणी रिअॅक्शन दहा हजार इंजेक्शनांत एखाद-दुसऱ्याला येते. त्यासाठी आधी नीट विचारायचं, अॅड्रेनॅलिन भरून जवळ ठेवायचं आणि टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. आरोग्य केंद्रात हे सगळं करता येतं. ज्याला खरोखर पेनिसिलिनची अॅलर्जी आहे, अझिथ्रोमायसिन त्याच्यासाठी राखून ठेवा, आणि मग तीन नाही, पाच दिवस द्या.

दुसरं भांडण व्यवस्थेशी. आरोग्य केंद्रातून रक्ताचे नमुने उचलून तपासणीला नेण्याची सोय राज्यात उभी राहिली. मग त्याच गाडीत घशाची एक नळी का बसत नाही? ती थंड पेटीत नसली तरी चालते, फक्त काचेमागच्या कडक उन्हात ठेवायची नाही आणि एका दिवसात पोचवायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच. इतकी वर्षं "त्यासाठी नांदेडला पाठवावं लागतं" असं म्हणता येत होतं, आता म्हणता येणार नाही. आणि अहवाल तयार होऊन कपाटात पडला, तर तो नसल्यासारखाच. तो फोनने त्या आईपर्यंत पोचवायची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर लिहिलेली असली पाहिजे. आशाताईला घर माहीत असतं, तिला विचारा.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. काही जण म्हणतात, जिथे प्रयोगशाळा लांब आहे तिथे स्वॅबच्या नादी लागू नका, लक्षणं जुळली की सरळ पेनिसिलिन द्या. ते बरोबर आहे. अहवाल नऊ दिवसांत येणारच नसेल, किंवा आई उद्या ऊसतोडीला निघणार असेल आणि परत भेटणार नसेल, तर मीही स्वॅबची वाट न पाहता पेनिसिलिनच देईन. ऊसतोडीच्या कोप्या असोत, आश्रमशाळा असो की वसतिगृह, जिथे लेकरं एका ओळीत अंगाला अंग लावून झोपतात तिथे हा जंतू वॉरनच्या बराकींसारखाच पसरतो, आणि तिथे धोका जास्त धरावा. पण या सल्ल्यात 'लक्षणं जुळली की' हे शब्द आहेत आणि 'पेनिसिलिन' हा शब्द आहे. प्रत्येक दुखऱ्या घशाला अझिथ्रोमायसिन आणि स्टेरॉइड देण्याची परवानगी त्यात कुठेही नाही. शिवाय स्वॅब घेऊन मग पेनिसिलिन देता येतं. पेनिसिलिन देऊन मग स्वॅब घेऊन उपयोग नसतो, कारण चोवीस तासांत घशातला जंतू ताटलीवर उगवेनासा होतो.

स्वॅबलाही मर्यादा आहेत. धडधाकट शाळकरी मुलांत साधारण आठातल्या एकाच्या घशात हा जंतू नुसता मुक्कामाला असतो, त्रास देत नाही. म्हणून सर्दी-खोकला असलेल्या मुलाचा स्वॅब घेतला तर भलत्यालाच पेनिसिलिन मिळेल. आणि उपचारानंतर मूल बरं असेल तर 'जंतू गेला का' हे पाहायला पुन्हा स्वॅब लागत नाही.

एका घशासाठी अजिबात थांबू नका

वर मी थांबा म्हणालो, त्याला एक मोठा अपवाद. टॉन्सिलवर ठिपक्यांऐवजी राखाडी, चामड्यासारखी चिकट पापुद्र्याची झिल्ली असेल, ती काढायला गेलं तर रक्त येत असेल, मान बैलासारखी सुजली असेल आणि लसी अर्धवट राहिलेल्या असतील, तर तो घटसर्प असू शकतो. तिथे स्वॅब घ्यायचाच, पण अहवालाची वाट पाहायची नाही. प्रतिविष लागेल म्हणून लगेच मोठ्या रुग्णालयात हलवायचं. आणि कागदावर ठळक अक्षरांत 'घटसर्पाचा संशय' लिहायचं. त्या जंतूला वेगळ्या ताटल्या लागतात, नेहमीच्या ताटलीवर तो गर्दीत हरवतो. प्रयोगशाळा मनकवडी नसते. आपण जे विचारतो तेवढंच ती शोधते.

तुम्ही काय करायचं

तुम्ही आई-बाप असाल तर लेकराच्या घशासाठी गेल्यावर दोन प्रश्न विचारा. "डॉक्टर साहेब, हा घसा जंतूचा वाटतो का सर्दीचा?" आणि जंतूचा असेल तर, "औषध द्यायच्या आधी स्वॅब घेता येईल का?" घरून निघताना मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या चारून नेऊ नका. चारल्या असतील तर लाजू नका, तसं सांगा. आणि घसा दुखून गेल्यावर महिन्याभरात लेकराचे सांधे एकामागून एक सुजले, धाप लागली, किंवा हात-पाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागले, तर तो घसा आठवा आणि डॉक्टरला सांगा, मग स्वॅबच्या अहवालात काहीही लिहिलेलं असो.

तुम्ही डॉक्टर असाल, तर उद्या सकाळी ओपीडीत एक गोष्ट करून पाहा. आपल्या टेबलाच्या खणात घशाचे स्वॅब किती आहेत ते मोजा, आणि मग शेजारच्या खणात अझिथ्रोमायसिनच्या पट्ट्या किती आहेत ते मोजा.